मंगळवारी १० वाजून ३२ मिनिटांनी: आमच्या फायबर इंटरनेट कंपनीला खुले पत्र

प्रति,
विभागीय व्यवस्थापक आणि नेटवर्क देखभाल प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली बाजारपेठ आणि तिला लागून असलेली देवळाची गल्ली, एवढ्या भागातले आम्ही तुमचे ग्राहक. आमच्यात एक पतसंस्था आहे, एक पॅथॉलॉजी लॅब आहे, दोन मेडिकल आहेत, घरून नोकरी करणारी मुलं आहेत, आणि मी आहे. मी बँक मित्र म्हणून काम करते. बँकेच्या शाखेपर्यंत ज्यांना जाता येत नाही त्यांचे पैसे आधार क्रमांक आणि अंगठा घेऊन काढून देणे, हे माझं काम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र वाचल्यावर ते आपल्यासाठीच आहे हे आपल्याला कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळून काही उपयोग नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इंटरनेट कधीच बंद पडू नये असं आमचं म्हणणं नाही. गेल्या उन्हाळ्यात नगरपरिषदेच्या गटारीच्या कामात जेसीबीने तुमची केबल उचलून तोडली तेव्हा आम्ही दीड दिवस गप्प बसलो, कारण तुमची माणसं रात्री बॅटरीच्या उजेडात जोडणी करताना आम्ही पाहिली होती. आमची तक्रार वेगळी आहे. इथे सेवा दोनच कारणांनी वारंवार बंद पडते, ती दोन्ही कारणं ठरलेली आहेत, आणि तुमच्या नोंदींत मात्र दर वेळी एक नवी, सुटी, ‘सोडवलेली’ तक्रार दिसते.

पहिलं कारण वीज. एक मंगळवार पूर्ण सांगते, म्हणजे मोघम बोलतोय असं वाटणार नाही.

महावितरणचा मेसेज आदल्या दिवशी आला होता: देखभालीसाठी आमच्या फीडरचा पुरवठा सकाळी दहा ते एक बंद. दहाला वीज गेली. पतसंस्थेत इन्व्हर्टर आहे, लॅबमध्ये आहे, माझ्याकडेही आहे, त्यामुळे राउटर चालू राहिले आणि नेटही चालू राहिलं. १० वाजून ३२ मिनिटांनी माझ्या राउटरवरचा प्रकाश पोचत नसल्याचं सांगणारा ‘लॉस’चा दिवा लाल झाला. पतसंस्थेचा त्याच मिनिटाला, लॅबचा त्याच मिनिटाला, देवळाच्या गल्लीतल्या घरांचाही. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे एकापाठोपाठ एक फोटो पडले, सगळ्यांवर तीच वेळ.

१० वाजून ४० मिनिटांनी मी तक्रार नोंदवली, तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंद क्रमांक मिळाला. सव्वा अकराला तुमच्या कॉल सेंटरच्या ताईंनी फोन केला आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मी केलं. त्यात त्यांची चूक नाही, समोरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं तेच त्या विचारतात. मग तंत्रज्ञ दुपारी चारला येईल असं ठरलं. वीज एक वाजून दहा मिनिटांनी आली. एक वाजून सतरा मिनिटांनी सगळ्यांचे दिवे हिरवे झाले. एक पंचवीसला मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कारण लिहिलं होतं: ग्राहकाकडील वीजपुरवठा खंडित. तंत्रज्ञ आला नाही, त्याला यायचं कारणच उरलं नव्हतं.

ग्राहकाकडील वीजपुरवठा खंडित नव्हता. हे आमच्या शब्दावर मानू नका, तुमच्याच यंत्रणेत तपासता येतं. घरातल्या फायबर राउटरची वीज जाते तेव्हा तो पूर्ण विझण्याआधी गावातल्या तुमच्या मुख्य पेटीला, म्हणजे ओएलटीला, एक शेवटचा संदेश पाठवतो. तुमचे अभियंते त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. हा राउटर विजेअभावी बंद झाला की केबल तुटल्यामुळे दिसेनासा झाला, हे कार्यालयात बसून कळावं यासाठीच ती सोय आहे. आमच्या राउटरांनी त्या मंगळवारी १० वाजून ३२ मिनिटांनी असा संदेश पाठवलेला नसणार, कारण ते चालू होते. उलट त्या दिवसाचा ओएलटीचा अपटाइम, म्हणजे ती सलग किती वेळ चालू आहे तो आकडा पाहा. तो शून्यावर येऊन दुपारी एकनंतर पुन्हा मोजायला लागलेला दिसेल. गावातला कोणताही ग्राहक ओएलटीचा अपटाइम शून्यावर आणू शकत नाही. बंद पडला तो तुमचा ओएलटी.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: गावातल्या सगळ्या घरांकडे जाणारा प्रकाश ज्या पेटीतून निघतो ती पेटी म्हणजे ओएलटी. आमची ओएलटी बाजारात एका दुकानाच्या मागच्या भाड्याच्या खोलीत आहे. केबल तुटली तर तुटलेल्या जागेच्या पुढच्या घरांचेच दिवे लाल होतात, मागच्यांचं चालू राहतं. ओएलटीच विझली तर सगळ्यांचे एकाच क्षणी लाल होतात. आणि ओएलटी चालू असून तिच्याकडे येणारी मुख्य लाइन गेली, तर लाल दिवा लागतच नाही. ओएलटीशी जोडणी असल्याचा ‘पॉन’चा हिरवा दिवा शांतपणे लागून राहतो आणि नेट मात्र नसतं. ही तिन्ही लक्षणं वेगळी आहेत. ती ओळखायला अभियंता लागत नाही, चार घरांचे दिवे एका वेळी पाहिले की पुरतं. म्हणूनच आम्ही ग्रुपवर फोटो टाकतो आणि दर तक्रारीत ‘सर्व घरांत एकाच वेळी’ असं लिहितो. ते वाक्य तुमच्याकडे कोणी वाचतं का, याबद्दल मला शंका आहे.

त्या खोलीत काय आहे हे तुमच्याच तंत्रज्ञदादांनी एकदा आम्हाला दाखवलं. ओएलटी, एक स्विच, एक छोटा पंखा, आणि त्यांच्याखाली संगणकाला लावतात तसा ६०० व्हीएचा यूपीएस. त्यात १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी. हिशोब शाळेतलाच आहे: १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. त्या खोलीतला भार शंभर वॉटच्या आसपास धरला, तर कागदावर पन्नास मिनिटं. अशी छोटी बॅटरी इतक्या वेगाने उपसली की पूर्ण क्षमता देत नाही, काही वीज यूपीएसमध्येच खर्च होते. नवी असताना अर्धा तास मिळाला तर नशीब. आमची ३२ मिनिटं आणि हा हिशोब एकमेकांना बरोबर लागू पडतात. पुढच्या वर्षी बॅटरी जुनी होईल तेव्हा ती वीस मिनिटं होतील.

म्हणजे वीज तीन तास जाणार हे एक दिवस आधी सांगितलेलं असतं, आणि तुमच्या उपकरणाला अर्ध्या तासाची सोय असते. अडीच तासांचा खंड हा मग अपघात राहत नाही, तो वेळापत्रकाचा भाग होतो.

उपाय महाग किंवा नवा नाही. घरोघरी इन्व्हर्टरला लावतात ती १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी १२ व्होल्टला १८०० वॉट-अवर धरते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची ठरवली आणि इन्व्हर्टरमधला तोटा वजा केला, तरी शंभर वॉटच्या भाराला सहा-सात तास निघतात. दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतील. सध्याच्या छोट्या यूपीएसला मोठी बॅटरी जोडून चालणार नाही, त्याचा चार्जर तिला भरूच शकत नाही. त्या बॅटरीच्या मापाचा इन्व्हर्टर लागेल. आणि तो ‘यूपीएस मोड’वर ठेवावा लागेल, नाहीतर वीज जाताना होणाऱ्या बदलाच्या क्षणी ओएलटी पुन्हा सुरू होते आणि आम्हाला पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. शेजारच्या गावात एका स्थानिक केबलवाल्याने हेच केलं आहे.

मग आजवर हे झालं का नाही? आम्ही विचारलं तेव्हा तुमच्या स्थानिक भागीदाराने सांगितलं की खोलीचं भाडं आणि वीजबिल त्याच्याकडे, उपकरणं कंपनीची, आणि बॅटरी कोणाची हे करारात नाही. कंपनीच्या माणसाने सांगितलं की पॉवर बॅकअप भागीदाराने करायचा. हे खरं-खोटं आम्हाला ठरवायचं नाही. पण बिल कंपनीच्या नावाने येतं, तेव्हा प्रश्न कंपनीकडेच येणार.

दुसरं कारण देवळाच्या गल्लीपुरतं आहे, पण ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना ते अधिक छळतं, कारण त्याला वेळापत्रक नाही. शाळेच्या कोपऱ्यावरच्या खांबावर एक जॉइंट बॉक्स आहे. त्याचं झाकण कधीचं गेलं आहे आणि केबलची गुंडाळी तारेने खांबाला आवळून बांधली आहे. त्याच्या पुढच्या घरांचं नेट पाऊस आला की जातं, वारा सुटला की जातं, आणि कधी कधी कारणाशिवाय जातं. दहा मिनिटांत येतं, अर्ध्या तासाने पुन्हा जातं.

राउटरच्या पानावर ‘Rx Power’ असा आकडा दिसतो. घरापर्यंत किती प्रकाश पोचतोय याचं ते माप, डीबीएममध्ये, आणि ते उणे असतं. शून्याकडे जितकं जवळ तितकं चांगलं. तुमच्या ओएलटीतून साधारण अधिक ३ ने प्रकाश निघतो. आमच्याकडे त्याचे दोन टप्प्यांत वाटे होतात: आधी बाजारातल्या पेटीत चार, मग प्रत्येक गल्लीत आठ. या दोन वाटपांत मिळून जवळपास अठरा डीबी जातात, दोनेक किलोमीटर केबल आणि जोडण्यांत आणखी दोन-अडीच. म्हणजे घरी उणे १७ ते २० च्या आसपास यायला हवं. शेजारच्या कासार गल्लीत, अगदी अशाच दोन वाटपांनंतर, उणे १९ येतंही. देवळाच्या गल्लीत कोरड्या सकाळी उणे २६ असतं.

फरक सात डीबीचा. कागदावर सात हा आकडा छोटा दिसतो, पण दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे सात डीबी म्हणजे शेजारच्या गल्लीत पोचणाऱ्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा. या प्रकारच्या राउटरांना उणे २७ पर्यंत दिसण्याची हमी असते, त्याच्या खाली ते प्रकाश हरवतात. म्हणून कोरड्या दिवशी गल्ली काठावर चालते आणि पाऊस पडला की काठाखाली जाते. तंत्रज्ञ येतो तेव्हा पाऊस थांबलेला असतो, दिवा हिरवा असतो, स्पीड टेस्ट झकास येते, आणि तो ‘सेवा सुरळीत’ असं लिहून जातो. त्या वेळेपुरतं ते खरंच असतं. पण त्याने स्पीड नाही, हा आकडा लिहायला हवा. प्रकाश काठावर असेपर्यंत स्पीड पूर्ण दिसतो, म्हणून स्पीड टेस्टमध्ये हा आजार दिसत नाही.

यावर आजवर जे केलं गेलं त्याने गोष्ट बिघडलीच आहे. टोक कापायचं, नवीन फास्ट कनेक्टर हाताने दाबून बसवायचा, आणि केबल परत गुंडाळून बांधायची. असं दर वेळी केल्याने केबलची शिल्लक लांबी कमी होते, गुंडाळी अधिक घट्ट होते, आणि काच वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. फ्युजन मशीनने वितळवून केलेल्या चांगल्या सांध्यात दशांश एक डीबीसुद्धा मुश्किलीने जातो, हाताने दाबलेल्या जोडणीत त्याच्या कितीतरी पट जातो आणि ओल शिरली की आणखी. तंत्रज्ञदादांना हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांचं म्हणणं इतकंच की मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि दहा मिनिटांच्या बिघाडासाठी ते कोणी पाठवत नाही. (भर पावसात शिडीवर चढणारे तेच असतात, म्हणून या पत्राचा रोख त्यांच्याकडे वळू नये अशी विनंती.)

आता हे पत्र उघडपणे का लिहावं लागलं ते सांगते. तुमच्या मोजपट्टीत आम्ही दिसतच नाही. प्रत्येक डॉकेट काही तासांत बंद होतं, म्हणजे तुमच्या महिन्याच्या अहवालात आमचं गाव चांगल्या कामगिरीचं गाव असणार. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांत भाड्यात सूट मिळते ती बिघाड तीन दिवसांहून अधिक काळ तसाच राहिला तर. आमचा बिघाड तीन तासांत आपोआप जातो आणि पुढच्या वेळी परत येतो. एकदाच चार दिवस बंद पडलं असतं तर आम्हाला सूट मिळाली असती. दर वेळी अडीच तास बंद पडल्यावर काहीच मिळत नाही, ना सूट, ना दुरुस्ती.

तुमच्या व्यवसाय प्लॅनच्या पत्रकावर ९९.५ टक्के उपलब्धता लिहिलेली आहे. तीस दिवसांत ७२० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. १० वाजून ३२ ते १ वाजून १७, हा एकच मंगळवार पावणेतीन तासांचा. महिन्यात असे दोन मंगळवार आले की साडेपाच तास होतात आणि पत्रकातला शब्द मोडतो. त्यात देवळाच्या गल्लीतले छोटे खंड धरलेलेच नाहीत. शिवाय ७२० तासांत रात्रीचे तासही आहेत. पहाटे तीनला नेट उत्तम चालतं याबद्दल आमचं दुमत नाही, पण पतसंस्था तेव्हा बंद असते. दहा ते सहा, महिन्याचे २६ दिवस, असे कामाचे २०८ तास धरले तर तेच साडेपाच तास अडीच टक्क्यांच्या वर जातात.

टक्क्यांच्या पलीकडे काय होतं ते माझ्या कामातून सांगते. संजय गांधी निराधार योजनेचे किंवा लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये काढायला आजी येतात. अंगठा लावतात, विनंती बँकेकडे जाते, तिकडे खात्यातून पैसे वजा होतात, आणि होकार परत येण्याच्या आत लाल दिवा लागतो. माझ्या पडद्यावर व्यवहार फसलेला दिसतो, म्हणून मी पैसे देऊ शकत नाही. त्यांच्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज आलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. ते येतातही. पण पाच दिवस त्या आजींना माझ्याबद्दल काय वाटत असेल याची भरपाई त्या परिपत्रकात नाही. ‘मोबाइल डेटा वापरा’ हा सल्ला आम्हाला दोनदा मिळाला आहे. आम्ही वापरतोच. पण नेट गेल्यावर मोबाइलवर जाता येतं. व्यवहार मधोमध असताना जाता येत नाही.

तेव्हा आमचं मागणं.

ओएलटीच्या खोलीत किमान चार तास पुरेल असा बॅकअप बसवा, आणि तो कंपनीने द्यायचा की भागीदाराने हे आपसात ठरवा. बसवल्यावर महावितरणच्या पुढच्या देखभालीच्या दिवशी तुमचा माणूस तिथे हजर ठेवून तो किती वेळ टिकतो ते बघा. आम्ही आमच्या बाजूने दिव्यांच्या वेळा लिहून देऊ.

शाळेच्या कोपऱ्यावरचा जॉइंट फ्युजन मशीनने नव्याने करा, झाकणाचा बंद बॉक्स लावा, गुंडाळी मोकळी ठेवा. त्याआधी केबलमधला तोटा शोधणारं ओटीडीआर यंत्र लावून तोटा नेमका किती मीटरवर आहे ते पाहा. आमचा अंदाज त्या खांबावर आहे, पण अंदाजावर केबल कापू नका. काम झाल्याची खूण एकच: गल्लीतल्या शेवटच्या घरात उणे २२ किंवा त्याहून चांगला आकडा, आणि तो पाऊस पडून गेल्यावरही तसाच.

एकाच ओएलटीवरून एकाच वेळी अनेक तक्रारी आल्या तर त्या एकत्र बांधा आणि ग्राहकाला राउटर बंद-चालू करायला सांगण्याआधी ओएलटी जिवंत आहे का ते बघा. तुमच्याकडे ते एका पडद्यावर दिसत असणार. दिवा हिरवा झाला म्हणून डॉकेट बंद करू नका. ग्राहकाला विचारून करा, आणि कारण खरं लिहा. ‘ग्राहकाकडील वीजपुरवठा’ असं लिहिलं गेल्यामुळेच बॅटरीचा खर्च आजवर कोणाच्या टेबलावर आला नाही, असं आम्हाला वाटतं.

व्यवसाय प्लॅनवाल्यांना गेल्या तीन बिलांत पत्रकातल्या ९९.५ टक्क्यांच्या हिशोबाने जेवढी सूट निघते तेवढी द्या. घरगुती प्लॅनमध्ये असं वचन नाही हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्या ग्राहकांसाठी आम्ही पैसे मागत नाही. दुरुस्ती मात्र त्यांच्यासाठीही हवी आहे.

केबल तुटण्याबद्दल एक विचारते, मागणी म्हणून नाही. खोदकामाआधी जमिनीखालच्या सेवांना कळवण्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. आमच्या गावातला तुमचा मार्ग त्यात नोंदवलेला आहे का? असेल तर नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाकडे ठेकेदारांनी ते वापरावं असा अर्ज आम्ही नागरिक म्हणून देऊ. नसेल तर आधी तो नोंदवा, मग अर्ज देतो.

या पत्रासोबत दिव्यांचे वेळेसह फोटो, ‘Rx Power’च्या नोंदी आणि डॉकेट क्रमांकांची यादी तुमच्या तक्रार केंद्राच्या पत्त्यावर पाठवली आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. त्यात बॅकअप कोणत्या तारखेला आणि जॉइंट कोणत्या तारखेला एवढं असलं तरी चालेल. उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा ‘तक्रार सोडवली आहे’ एवढंच आलं, तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे आम्ही तुमच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या मुदतीत जाऊ. त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्याची तयारी म्हणून अर्जाचा मसुदा आम्ही करून ठेवला आहे, पण तो वापरायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा विचार आमच्यातल्या काहींनी बोलून दाखवला आहे. बहुतेकांना मात्र हीच सेवा नीट हवी आहे, कारण चालू असते तेव्हा ती गावातली सर्वांत चांगली आहे.

तुमच्या अभियंत्यांना जागेवर येऊन पाहायचं असेल तर पुढच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला या. वीज दहाला जाणार असल्याचा मेसेज आला आहे. खोलीची किल्ली भागीदाराकडे असते, त्यांना आम्ही सांगून ठेवतो.

आपले,
बाजारपेठ आणि देवळाची गल्ली येथील ग्राहक
(त्यांच्या वतीने, एक बँक मित्र)